गाळ्याचं भाडं, चार महिन्यांचा पाऊस आणि तीन ई-मेल

या आठवड्याच्या व्हिडिओत भाड्याच्या ई-मेलबद्दल बोललो, पण आकडे आणि ई-मेलचा मजकूर पडद्यावरून उतरवून घ्यायला त्रास होतो. म्हणून सगळं इथे सविस्तर लिहितोय. उदाहरण माझ्याच दुकानाचं आहे.

गणपतीला चाकरमानी गावी येतात तेव्हा आपल्या मालवणच्या बाजारात दोन गोष्टी हमखास होतात. खाजं आणि मसाला संपतो, आणि मुंबईला राहणारे गाळामालक दुकानात डोकावून पुढच्या भाड्याचं बोलून जातात. माझे मालक असेच आले. चहा घेतला, शटरवर हात फिरवला आणि म्हणाले, "बाबू, आता अठरा हजार होये. नायतर दुसरो माणूस तयार आसा." मी बारा हजार देत होतो. करार ३१ ऑक्टोबरला संपणार होता. म्हणजे हातात सात आठवडे, आणि त्यातच दिवाळीचा माल भरायचा.

मी तिथे हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. "काका, विचार करून ई-मेल करतो, तुम्हा तिघांनाही पाठवतो," एवढंच म्हणालो.

ई-मेलच का?

पहिलं कारण म्हणजे आपल्याकडची बरीच मिळकत सामायिक असते. माझा गाळा तीन भावंडांच्या नावावर आहे: एक डोंबिवलीला, एक ठाण्याला, एक गावात. मागच्या कराराच्या वेळी धाकट्यांनी फोनवर सांगितलं होतं की पावसाळ्यात भाडं थोडं कमी करू. जूनमध्ये मोठ्यांना विचारलं, तर त्यांना काहीच माहीत नव्हतं. करारात तर नव्हतंच. कोणी खोटं बोललं असं मी म्हणत नाही, पण चारही महिने मी पूर्ण भाडं भरलं. तेव्हापासून जे काही असेल ते तिघांना एकाच वेळी, लेखी.

दुसरं कारण असं की दुकानात समोरासमोर माणूस आकड्यावर अडून बसतो. तोच आकडा घरी बसून, तिघांनी मिळून, हिशेबासकट वाचला की विचार बदलायला जागा मिळते आणि कोणाचा मान जात नाही.

पण ई-मेलची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. ई-मेल म्हणजे नुसत्या गप्पा नव्हेत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ प्रमाणे केवळ इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला म्हणून करार अवैध ठरत नाही. ट्रायमेक्स इंटरनॅशनल विरुद्ध वेदांता ॲल्युमिनियम या २०१० च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने औपचारिक करारावर सही झालेली नसतानाही ई-मेलमधून ठरलेला व्यवहार पक्का मानला. तो बॉक्साइटच्या पुरवठ्याचा मामला होता, गाळ्याचा नव्हे, पण धडा आपल्यालाही लागू आहे. घाईत "ओके काका, डन" असं लिहू नका. प्रत्येक ई-मेलच्या शेवटी एक वाक्य घाला: "हा प्रस्ताव आहे. लेखी करारावर सह्या आणि नोंदणी झाल्यावरच तो दोघांवर बंधनकारक होईल."

लिहिण्याआधी: स्वतःची मर्यादा

ई-मेल लिहायच्या आधी मी एका कागदावर हिशेब केला. हा कागद मालकासाठी नाही, फक्त स्वतःसाठी.

आपला धंदा बारा महिन्यांचा नाही, हे आपण जाणतोच. समुद्रातली पर्यटनाची कामं दरवर्षी साधारण २६ मे ते ३१ ऑगस्ट बंद असतात. किल्ल्यावर जाणाऱ्या होड्याही पावसाळ्यात थांबतात. त्यामुळे मी ऑक्टोबर ते मे असे आठ महिने सिझनचे आणि जून ते सप्टेंबर असे चार महिने पावसाचे धरतो.

सिझनमध्ये माझी महिन्याची सरासरी विक्री १,६०,००० रुपये आणि पावसात ४५,००० रुपये. वर्षाची विक्री झाली १४,६०,०००. मालाची किंमत वजा जाता साधारण ३२ टक्के हातात राहतात, म्हणजे ४,६७,२००. त्यातून कामावरच्या मुलाचा पगार आणि वीज, पिशव्या वगैरे मिळून दीड लाख जातात. उरले ३,१७,२००. यातून भाडं द्यायचं आणि मग जे राहील ती माझी कमाई.

बारा हजार भाड्याने वर्षाला १,४४,००० जात होते आणि मला १,७३,२०० राहत होते. अठरा हजाराने २,१६,००० जाणार आणि मला राहणार १,०१,२००, म्हणजे महिन्याला साडेआठ हजारही नाहीत. माझ्या दुकानात काम करणाऱ्या मुलाला मी महिन्याला नऊ हजार देतो. मालकाने वर दरवर्षी दहा टक्के वाढही मागितली होती. म्हणजे दुसऱ्या वर्षी माझी कमाई ऐंशी हजारांच्या खाली.

या कागदावरून मी एकच आकडा ठरवला: पहिल्या वर्षी १,८०,००० रुपयांपेक्षा जास्त भाडं नाही. त्याच्या वर गेलं तर दुकान हलवायचं. हा आकडा ई-मेल लिहिण्याआधी ठरला पाहिजे. बोलणी सुरू झाल्यावर ठरवायला बसलात तर मालकाच्या आकड्याच्या ओढीनेच ठरतो.

एक चूक बऱ्याच जणांची होते. हा सगळा हिशेब ते मालकाला पाठवतात: "काका, मला परवडत नाही, हे बघा." त्याने दोन गोष्टी होतात. तुमचा नफा त्याला कळतो, आणि पुढच्या वेळी विक्री वाढली की तोच कागद तुमच्यावर उलटतो. शिवाय तुम्हाला परवडत नाही हा तुमचा प्रश्न आहे, त्याचा नाही. ई-मेलमध्ये त्याचा फायदा काय ते यायला हवं.

पहिला ई-मेल

मी पाठवलेला ई-मेल जवळपास असा होता. नावं काढली आहेत.

> विषय: गाळा क्र. ४, ३१ ऑक्टोबरनंतरच्या कराराबाबत प्रस्ताव
>
> आदरणीय काका, सप्रेम नमस्कार.
>
> गणपतीत आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे लिहीत आहे. सध्याचा करार ३१ ऑक्टोबरला संपत आहे. गेल्या तीन वर्षांत प्रत्येक महिन्याचं भाडं ५ तारखेच्या आत खात्यावर जमा झालं आहे. गाळा पुढेही चालवण्याची माझी इच्छा आहे.
>
> माझा प्रस्ताव असा: ऑक्टोबर ते मे दरमहा १६,५०० रुपये आणि जून ते सप्टेंबर दरमहा ८,००० रुपये. वर्षाचं एकूण भाडं १,६४,००० रुपये होतं, म्हणजे सध्यापेक्षा २०,००० रुपये जास्त. दरवर्षी ५ टक्के वाढ. कराराची मुदत ३२ महिने, १ नोव्हेंबरपासून तिसऱ्या वर्षीच्या ३० जूनपर्यंत.
>
> आपण तिघांच्या वतीने करारावर सही कोण करणार आणि त्यासाठी कुलमुखत्यारपत्र आहे का, ते कळवावं. आपलं उत्तर २५ सप्टेंबरपर्यंत मिळालं तर पुढची तयारी वेळेत होईल.
>
> हा प्रस्ताव आहे. लेखी करारावर सह्या आणि नोंदणी झाल्यावरच तो दोघांवर बंधनकारक होईल.
>
> आपला नम्र

यात तीन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत.

एक, भाडं दोन दरांत मांडलं. "पावसात सूट द्या" असं म्हटलं की ती मेहेरबानी होते. "सिझनला जास्त घ्या, पावसात कमी घ्या" म्हटलं की ती रचना होते. मालकाला सिझनचा साडेसोळाचा आकडा दिसतो, जो त्याच्या अठराच्या जवळ आहे. मला पावसात श्वास घ्यायला जागा राहते.

दोन, तारीख. आधीचा करार ३१ ऑक्टोबरला संपत होता, तोच माझ्यासाठी सगळ्यात वाईट दिवस होता. दिवाळीच्या तोंडावर, माल भरलेला असताना, कोणता दुकानदार गाळा सोडेल? मालकाला ते माहीत असतं. तोच करार ३० जूनला संपला तर माझं दुकान तसंही थंड असतं, हलवायला सोपं जातं, आणि मालकालाही भर पावसात नवीन भाडेकरू मिळत नाही. दोघं समान पातळीवर बोलायला बसतात. भाड्यात पाचशे रुपये कमी करून घेण्यापेक्षा ही तारीख बदलून घेणं मला जास्त मोलाचं वाटतं. ३२ महिने हा विचित्र आकडा त्यासाठीच.

तीन, सहीचा प्रश्न पहिल्याच ई-मेलमध्ये विचारला. सगळं ठरल्यावर ठाण्याच्या ताईंची सही अडली, असं व्हायला नको.

उत्तर आलं, मग दुसरा ई-मेल

चार दिवसांनी डोंबिवलीहून दोन ओळींचं उत्तर आलं: बाजूच्या गाळ्याला अठरा हजार येतात, आपला गाळा काय कमी आहे? डिपॉझिट एक लाख लागेल.

इथे बरेच जण मधला आकडा फेकतात: बारा आणि अठरा, तर पंधरा करूया. मी तसं केलं नाही. मधला आकडा दिला की समोरच्याला कळतं की अजून ओढता येईल. आधी त्याचं म्हणणं तपासलं. बाजूच्या दुकानदाराला जाऊन विचारलं. भाडं खरंच अठरा हजार होतं. पण त्याचा गाळा २०० चौरस फूट आणि माझा १६०. म्हणजे त्याचा दर चौरस फुटाला ९० रुपये. त्याच दराने माझ्या गाळ्याचे होतात १४,४०० रुपये महिना, वर्षाचे १,७२,८००. माझ्या मर्यादेच्या आत! मालकाने दिलेलं उदाहरण मी जसंच्या तसं मान्य केलं आणि त्याच्याच दराने हिशेब मांडला. तुमच्या बाबतीत हे मोजमाप तुमच्या विरुद्धही जाऊ शकतं, म्हणून ई-मेलमध्ये लिहिण्याआधी टेप घेऊन मोजा.

दुसरा मुद्दा रिकाम्या गाळ्याचा. सिझनला अठरा हजार देणारा माणूस मालकाला मिळेलही. पण आपल्याकडे असे भाडेकरू येतात, नोव्हेंबरला दुकान लावतात, मे संपला की महिन्याची नोटीस देऊन निघून जातात. मी लिहिलं:

> काका, नवीन माणसाने नोव्हेंबर ते मे असे सात महिने १८,००० दिले तर १,२६,००० रुपये होतात. नंतर गाळा पावसात बंद राहिला आणि ऑक्टोबरला नवीन माणूस आला, तर वर्षाचे १,४४,००० होतात, म्हणजे आजच्याइतकेच. बंद गाळ्याच्या शटरला चार महिन्यांत खाऱ्या हवेने गंज चढतो, तो खर्च वेगळा. मी सिझनला १७,००० आणि पावसात ९,००० देतो, वर्षाचे १,७२,००० होतात. बाजूच्या गाळ्याच्या चौरस फुटाच्या दरानेही जवळपास हेच येतात. पहिल्या २० महिन्यांत मी गाळा सोडणार नाही. सोडला तर त्या २० महिन्यांपैकी उरलेलं भाडं मी देणं लागेन. त्या काळात आपणही गाळा परत मागणार नाही. डिपॉझिट ५०,००० वरून ७५,००० करतो.

यातला शेवटचा भाग म्हणजे लॉक-इन. मालकाला खरी भीती पावसात गाळा पडून राहण्याची असते, आणि लॉक-इन त्या भीतीवरचं औषध आहे. म्हणून ते फुकट देऊ नका, त्याच्या बदल्यात भाडं ठरवून घ्या. पण त्याची किंमतही समजून घ्या. समजा दहा महिन्यांनी धंदा बसला आणि मी दुकान बंद केलं, तरी पुढच्या दहा महिन्यांचं भाडं माझ्या डोक्यावर राहील. म्हणून मी पूर्ण ३२ महिन्यांचं लॉक-इन दिलं नाही. आणि ते दोन्ही बाजूंनी असलं पाहिजे. फक्त भाडेकरूला बांधणारं लॉक-इन मी बऱ्याच छापील मसुद्यांत पाहिलंय.

मालकाचं उत्तर सहा दिवसांनी आलं. सतरा आणि नऊ मान्य. शटरला दरवर्षी रंग मी लावायचा, कौलांची आणि भिंतीची दुरुस्ती त्यांनी करायची. मी मान्य केलं.

तिसरा ई-मेल आणि मसुदा

आता तिसरा ई-मेल, ज्याला लोक फालतू समजतात. त्यात मी काहीच मागितलं नाही. जे ठरलं ते फक्त एका जागी लिहिलं. टक्केवारी न लिहिता रुपयांत लिहिलं, कारण "दरवर्षी ५ टक्के" हे मूळ भाड्यावर की आदल्या वर्षीच्या भाड्यावर, यावरून पुढे वाद होतात.

| काळ | सिझन, दरमहा | पाऊस, दरमहा | एकूण |
|---|---|---|---|
| पहिले १२ महिने | १७,००० | ९,००० | १,७२,००० |
| पुढचे १२ महिने | १७,८५० | ९,४५० | १,८०,६०० |
| शेवटचे ८ महिने | १८,७४० | ९,९२० | १,४१,१०० |

एकूण ४,९३,७००. मालकाच्या मागणीप्रमाणे याच ३२ महिन्यांचे ६,२७,८४० झाले असते. दुसऱ्या वर्षीचा आकडा माझ्या पहिल्या वर्षाच्या मर्यादेपेक्षा सहाशे रुपयांनी जास्त आहे. विक्री तोवर थोडी वाढेल असं धरून मी तो स्वीकारला. न वाढली तर तो भार माझा.

मग लिव्ह अँड लायसन्सचा मसुदा आला आणि त्यात वाढ होती १० टक्के! पावसाळी दराचा उल्लेखच नव्हता. मालकांनी फसवलं नव्हतं. करार बनवणाऱ्याने जुन्या नमुन्यात फक्त नावं आणि पहिलं भाडं बदललं होतं. मी तिसरा ई-मेल पुढे पाठवला, "मसुद्यात हा तक्ता घालावा" एवढंच लिहिलं, आणि दोन दिवसांत दुरुस्ती झाली. तो ई-मेल नसता तर मला सगळी बोलणी पुन्हा करावी लागली असती. सही करण्याआधी मसुदा आणि शेवटचा ई-मेल शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघा: रक्कम, तारखा, लॉक-इन, डिपॉझिट कधी परत, दुरुस्ती कोणाची.

नोंदणीला घाबरू नका. लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क पाव टक्का असतं, ते एकूण भाडं आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचं वार्षिक १० टक्के व्याज यांच्या बेरजेवर. माझ्या करारात ७५,००० वर वर्षाला ७,५००, असे ३२ महिन्यांचे २०,०००. बेरीज ५,१३,७००, तिचा पाव टक्का म्हणजे साधारण १,३०० रुपये. नोंदणी फी नगरपरिषद हद्दीत १,००० रुपये, ग्रामपंचायत हद्दीत ५०० रुपये. करार करून देणाऱ्याची फी वेगळी. आधार पडताळणीने ऑनलाइन ई-नोंदणी होते, त्यामुळे मालकांना मुंबईहून मालवणच्या दुय्यम निबंधक कार्यालयात यावं लागत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, हेही त्यांना नम्रपणे सांगता येतं.

हे कुठे चालत नाही

मालकाला गाळा स्वतःच्या मुलासाठी हवा असेल तर कितीही छान ई-मेल लिहा, उपयोग नाही. ते ओळखायची खूण अशी की तो आकड्यावर बोलतच नाही, उत्तर टाळतो. अशा वेळी दुसरा ई-मेल भाड्याचा नको, सोडण्याच्या तारखेचा आणि डिपॉझिट परतीचा लिहा. तसंच अगदी जेटीजवळच्या किंवा किनाऱ्यासमोरच्या गाळ्याला पावसात रिकामं राहण्याची भीती दाखवली तरी मालक हसेल, कारण तिथे सिझनचे सात महिनेच त्याचं वर्ष भरून काढतात.

आणि मुदत संपल्यावर "बोलणी चालू आहेत" म्हणून बसून राहू नका. लायसन्स संपलं की बसायचा हक्क संपतो, आणि बऱ्याच करारांत त्यानंतर दुप्पट रक्कम द्यायचं कलम असतं. तुमच्या करारात आहे का, आजच काढून बघा. उत्तराला उशीर होत असेल तर "सध्याच्याच अटींवर एक महिना मुदत वाढवावी" असा वेगळा ई-मेल मुदतीच्या आधी पाठवा आणि लेखी होकार घ्या.

मी सात आठवड्यांत हे केलं, पण ती धावपळ होती. ऑक्टोबरला करार संपत असेल तर पहिला ई-मेल जुलैतच जायला हवा. पावसात दुकानात गिऱ्हाईक कमी असतं, हिशेबाला वेळ असतो, आणि मालक गणपतीला येईपर्यंत तुमचा आकडा त्याच्याआधी टेबलावर असतो. माझा पुढचा करार ३० जूनला संपतोय. पहिला ई-मेल मार्चच्या शेवटी जाईल, तशी आठवण फोनमध्ये लावून ठेवली आहे. तुमच्या कराराची शेवटची तारीख कोणती? ती बघा आणि त्याआधीच्या तीन महिन्यांची आठवण आत्ताच लावा.